पंचाची बाटली

रामाजीकाका पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, हलवला, आणि परत ठेवला. "ठीक आहे. पिऊ शकता," म्हणाले. दुर्गच्या कोर्टासमोरच्या त्या खोलीत मी सहा वर्षं वकिली करत होते आणि सहा वर्षं तेच पाणी पीत होते. मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि फी उशिरा, असं माझे मुन्शी म्हणायचे.

"काम काय आहे काका?"

काकांनी थैलीतून तीन बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. तिन्हींच्या तोंडाला लाखेचं सील, तिन्हींवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि 'विहीर क्र. १'. त्यांच्या घरी दुसरी विहीर नव्हती हे मला नंतर कळलं.

"एक माह्यी, एक त्यायची, एक पंचाची," ते म्हणाले.

आता काका कोण ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या गावातून हा माणूस साठ साली भिलाईला आला आणि स्टील प्लांटच्या लॅबमध्ये सॅम्पल आणणारा म्हणून लागला. कोळशाची वॅगन आली की खालून, मधून, वरून कोळसा काढायचा, कुटायचा, त्याचे तीन भाग करायचे. एक आपल्या लॅबला, एक माल देणाऱ्याला, आणि तिसरा सील करून कपाटात. दोघांचं भांडण झालं तरच तिसरा फोडायचा. चौतीस वर्षं हेच केलं. साहेब बदलले, काकांचे तीन भाग बदलले नाहीत.

बरं, प्लांटमध्ये केलं ते केलं, हा गृहस्थ घरीही तेच करायचा. मुलीच्या लग्नात बुंदीच्या लाडवात तूप कमी आहे म्हणून आचाऱ्याशी वाद झाला, तेव्हा काकांनी कपाट उघडून सील केलेला लाडू बाहेर काढला होता. आचाऱ्याने हात जोडले. मथुराकाकूंनीही जोडले, पण वेगळ्या कारणाने. त्या मला एकदा म्हणाल्या, "बाई, या माणसानं माह्याशी लगन केलं, तवा तिसरा भाग कुठी ठेवला असन, मले अजून सापडला नाही."

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. काकांनी भिलाईलगतच्या कुरुद गावात प्लॉट घेऊन तीन खोल्या बांधल्या आणि विहीर खणली. अठ्ठावीस फुटांवर पाणी लागलं. क्वार्टरच्या नळाला सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास पाणी, यात काकूंची चौतीस वर्षं गेली होती. आता हवं तेव्हा दोर सोडायचा आणि हवं तेवढं घ्यायचं. पहिला महिना त्या गरज नसतानाही पाणी काढायच्या. शेजारची बाराएक घरंही त्याच विहिरीवर यायला लागली.

मग वरच्या अंगाला, दोन शेतं सोडून, तारेचा कारखाना आला. नाव सांगत नाही. मालक हयात आहेत आणि त्यांचे वकील तर फारच हयात आहेत. तिथे लोखंडाच्या सळया ॲसिडात बुडवून गंज काढत, मग पाण्याने धूत, आणि ओढून तार करत. धुतलेलं पाणी मागच्या कच्च्या खड्ड्यात सोडत. खड्ड्याला ना सिमेंट ना अस्तर. जमिनीला काय, ती सगळं पिते.

शहाण्णवच्या जानेवारीत काकूंचा चहा काळा झाला. दूध घातलं तरी काळा. काका म्हणाले पत्ती बदल. काकूंनी दोनदा बदलली. मग डाळ शिजेना, आणि काकांच्या पांढऱ्या बनियनवर तांबूस डाग आले. तेव्हा कुठे या लॅबवाल्याने लिटमसचा कागद विहिरीच्या पाण्यात बुडवला, आणि तो जास्वंदीसारखा लाल झाला. त्या दिवसापासून काकू डोक्यावर चुंबळ ठेवून गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या हँडपंपावरून पिण्याचं पाणी आणायला लागल्या. जुन्या लुगड्याची, नारळाच्या काथ्याने बांधलेली चुंबळ. सकाळी तीन खेपा, संध्याकाळी दोन.

आणि काका? काकांनी तीन बाटल्या भरल्या. एक स्वतःकडे, एक पंचाची म्हणून कपाटात, आणि तिसरी घेऊन सायकलवरून कारखान्याच्या गेटवर गेले.

गेटवर केवलराम नावाचा दरबान होता. छत्तीसगढी, सरळ माणूस, आणि रजिस्टरचा पक्का. काका म्हणाले, "ये सँपल है. अंदर देना है. पावती दो." केवलरामने आयुष्यात पावती मागणाऱ्याला नाही म्हटलेलं नव्हतं. त्याने 'माल आवक' रजिस्टरात लिहिलं: 'पानी की बोतल, १ नग, रामाजी कुरुद वाले से', आणि पावतीवर शिक्का मारला. गेटवर शिक्का एकच होता. त्यावर लिहिलं होतं: 'माल अच्छी हालत में प्राप्त'.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हेच. तेरा महिने, तेरा बाटल्या, तेरा शिक्के. आत त्या बाटल्यांचं काय होतं हे कोणी विचारलं नाही.

प्रदूषण मंडळाला काकांनी सात पत्रं लिहिली. 'प्रकरण विचाराधीन आहे' असं एक उत्तर आलं, तेही दुसऱ्याच गावाच्या नावाने. शेवटी त्यांनी पेपरातलं एक कात्रण आणून माझ्यापुढे टाकलं. वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांवर सुप्रीम कोर्टाने दिलेला निकाल.

"वकीलबाई, हे म्हणून राहिले का ज्यानं घाण केली त्यानंच भरावं. हे खरं आहे का फक्त मद्रासवाल्यायसाठी आहे?"

"सगळ्या देशासाठी आहे," मी म्हटलं. "त्याच्या आधी राजस्थानातल्या बिछडीच्या विहिरींचाही निकाल आहे. म्हणजे बघा, ज्याच्या म्हशीने तुमच्या अंगणात शेण टाकलं त्याने ते उचलायचं. एवढंच नाही, तुळस मोडली असेल तर तीही लावून द्यायची. नुकसान वेगळं आणि अंगण पूर्ववत करण्याचा खर्च वेगळा, दोन्ही त्याच्याच डोक्यावर."

काकांनी मान हलवली. "आन त्यानं म्हणलं का माही म्हैसच नाही?"

हुशार माणसं अशीलं म्हणून फार त्रास देतात.

तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात, म्हणून जबलपूरच्या हायकोर्टात रिट दाखल केली. अर्जदार काका आणि अकरा शेजारी. बाराव्या घरचा सुखराम सही करेना. तो त्याच कारखान्यात, त्याच ॲसिडच्या खात्यात कामाला होता. "काका, तुमची विहीर साफ होईल न माह्या घरची चूल बंद होईल," तो म्हणाला. सुखरामचा बाप प्लांटमध्ये काकांच्या बरोबरचा, त्याला त्यांनी क्वार्टरमध्येच लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. काका मला म्हणाले, "बाई, कारखाना बंद करा असं लिहू नका. पाणी साफ करा असं लिहा." मी तसंच लिहिलं, आणि माझा कागद त्याने जास्त मजबूत झाला हे मला पुढे कळलं.

बिलासपूर-कटनी फिरत रेल्वेने जबलपूर गाठायचं, तिथे दोन दिवस बसायचं, आणि दहा मिनिटांचं काम करून परत यायचं. पहिल्या तारखेला कारखान्याने लेखी उत्तर दिलं: आमच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही. मी तेरा पावत्या पुढे केल्या. न्यायमूर्तींनी पहिली वाचली, मग दुसरी. "माल अच्छी हालत में प्राप्त," ते सावकाश म्हणाले, आणि समोरच्या वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी त्यांच्या मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर छताच्या पंख्याकडे बघत होते.

कोर्टाने मंडळाला सांगितलं, दोन अधिकारी पाठवा, विहीर आणि कारखाना दोन्ही तपासा, सहा आठवड्यांत अहवाल द्या. मी खूश होऊन परतले. तिथेच चुकलं.

कारण भिलाईत तपासणी म्हटली की काय करतात हे मी विसरले. प्लांटमध्ये मंत्री येणार असला की आठ दिवस आधी रस्त्याच्या कडेचे दगड, झाडांची खोडं, काही हलत नसेल ते सगळं चुन्याने पांढरं होतं. कारखान्यानेही तेच केलं. मागचा खड्डा मुरमाने बुजवला आणि वर झेंडूची रोपं लावली. हे मला अपेक्षित होतं. पण माझ्या अशिलाने काय केलं असेल?

अहवाल आला. विहिरीचं पाणी: थोडा कठीणपणा सोडला तर सर्व काही मर्यादेत. आम्लता नाही. लोह नगण्य.

कोर्टात समोरच्या वकिलांचा आवाज मऊ झाला होता, लोण्यासारखा. "माय लॉर्ड, विहीर निरोगी आहे. अर्जदाराला कदाचित चहाची आवड कमी आहे." मागच्या बाकावरचे ज्युनियर हसले. मी पुढची तारीख मागून घेतली आणि व्हरांड्यात आले. काका खांबाला टेकून उभे होते.

"काका, काय केलंत तुम्ही?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "चुना टाकला, बाई."

"कुठे?"

"विहिरीत. मागच्या वर्षीच्या जूनपासून टाकून राहिलो. दर पंधरा दिवसांनी. लोकं भांडी घासतात, पोरं आंघोळी करतात, ॲसिडच्या पाण्यानं अंग खाजवते त्यायचं. आपल्याले येते तर कावून नाही करायचं? चुन्यानं ॲसिड मरते, लोखंड खाली बसते. आन साहेब लोक येणार होते म्हणून..."

"म्हणून?"

"एक जास्तीचा डोस देल्ला. घाणेरडी विहीर कशी दाखवाची साहेबाले?"

मी तिथे काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. जबलपूरच्या हायकोर्टाच्या व्हरांड्यात चौतीस वर्षांच्या अनुभवी लॅबवाल्याला मी गाढव म्हटलं, एवढं कबूल करते. काका ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "खराब पीएच पाहून मले बसवत नाही, बाई. आता काय करायचं?"

करायचं काय ते सरळ होतं आणि भयंकर होतं. खरं सांगायचं. खरं सांगितलं तर समोरचे म्हणणार, अर्जदारानेच विहिरीत रसायन टाकलं, पुरावा बिघडवला, याचिका फेटाळा. नाही सांगितलं तर याचिका अशीही फेटाळली जाणार, आणि मथुराकाकू जन्मभर त्या हँडपंपावर जाणार. परतीच्या गाडीत काकांनी मला फक्त एकदा विचारलं, "तिले काय सांगू?" त्या वेळी मला त्यांची फार दया आली, आणि स्वतःच्या तोंडाची लाज वाटली.

आम्ही शपथपत्र केलं. काकांनी आपली लॅबची वही जोडली. कोणत्या तारखेला किती किलो चुना टाकला, टाकण्याआधी लिटमस कसा होता, नंतर कसा. समोरच्या वकिलांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम दिवाळीचा झाला.

"माय लॉर्ड, अर्जदार स्वतः प्रदूषक आहे. त्याने स्वतःच्या हाताने विहिरीत चुना ओतला. त्याच्या घरच्या बाटल्या तर पुरावा होऊच शकत नाहीत. पाणी कायद्यात नमुना घ्यायचा तो मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखान्याला नोटीस देऊन, त्याच्यासमोर दोन भाग करून."

"दोनच?" माझ्या मागून काकांचा आवाज आला. "पंचाचा कुठं गेला?"

मी मागे हात करून त्यांना गप्प केलं. न्यायमूर्तींनी ऐकलं की नाही कोण जाणे, पण ते म्हणाले, "वकीलसाहेब, ती पद्धत कारखान्यावर खटला भरायचा असेल तेव्हाची. इथे आम्ही कोणाला तुरुंगात पाठवत नाही. आम्हाला पाणी कसं आहे ते कळायला हवं. कळून घ्यायला आम्ही कोणालाही नेमू शकतो."

"पण माय लॉर्ड, निश्चित काहीच नाही. तिथली मातीच लाल आहे. मुरूम आहे. लोखंड मातीतून आलं असेल. शंकेचा फायदा..."

"शंकेचा फायदा आरोपीला असतो," न्यायमूर्ती म्हणाले. "इथे आरोपी नाही, विहीर आहे. सावधगिरीचं तत्त्व उलट सांगतं. गंभीर आणि न भरून येणारं नुकसान होण्याची भीती असेल, तर विज्ञानाची शंभर टक्के खात्री नाही म्हणून उपाय पुढे ढकलायचा नाही. आणि आमचं काम निरुपद्रवी आहे हे दाखवायची जबाबदारी काम करणाऱ्यावर. तुम्ही दाखवा."

मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं आता शाबासकी. "पण बाईसाहेब, कोणीही उठून भीती वाटते म्हणालं की कारखाना थांबवायचा, असंही नाही. भीतीला काहीतरी आधार लागतो. तुमच्या अशिलाने आधारात चुना कालवलाय. चुना पडण्याआधीचं पाणी कुठे आहे? त्याच्या स्वतःच्या कपाटाबाहेर?"

मी मनात बाटल्या मोजल्या. काकांच्या दोन्ही बाटल्या, त्यांची आणि पंचाची, त्यांच्याच घरी. ती घरची लाख, घरचं कपाट. पंच कसला?

आणि मग मला केवलराम आठवला.

"माय लॉर्ड," मी म्हटलं, "ते पाणी प्रतिवादींच्या गोडाऊनमध्ये असलं पाहिजे."

समोरचे वकील हसले. मॅनेजर हसले नाहीत. त्यांना आपल्या स्टोअरची रीत माहीत होती. रजिस्टरात चढलेली वस्तू कोणाच्या सहीशिवाय बाहेर टाकता येत नाही, मग तो स्क्रू असो की पाण्याची बाटली. 'निरुपयोगी' म्हणून सही करायची तर कागदावर लिहावं लागणार, की हे पाणी आलं होतं, आणि आम्ही ते फेकतो आहोत. तेरा महिने कोणी सही केली नव्हती. स्टोअरकीपरने तेराही बाटल्या तिसऱ्या रॅकवर, वायसरच्या डब्यांशेजारी ओळीने लावून ठेवल्या होत्या.

कोर्टाने नागपूरच्या एका संस्थेतले दोन शास्त्रज्ञ नेमले. न कळवता जायचं, असा आदेश. काकांना चुना बंद. काकांनी त्या तीन आठवड्यांत विहिरीकडे पाहायचंच टाळलं. काकू सांगतात, ते पाठ करून बसायचे.

शास्त्रज्ञांनी कारखान्याच्या रॅकवरून बाटल्या उचलल्या. केवलरामने त्याची 'माल जावक'मध्ये नोंद केली आणि सह्या घेतल्या. पहिल्या पाच बाटल्या, म्हणजे चुना सुरू होण्याआधीच्या, लाख शाबूत, आतलं पाणी आंबट आणि लोखंडाने भरलेलं. सहाव्यापासून पुढे तळाला तांबडा गाळ, जसा काकांच्या वहीप्रमाणे असायला हवा होता तसाच. झेंडूच्या रोपांखाली तीन फूट उकरलं तर तोच तांबडा चिखल, आणि विहिरीचं पाणी चुन्याशिवाय तीन आठवड्यांत पुन्हा आंबट. शेवटी त्यांनी काकांच्या वहीतला एकूण चुना घेऊन उलटा हिशेब मांडला: एवढा चुना मारायला निदान एवढं ॲसिड जमिनीतून आलेलं असलंच पाहिजे. ज्या चुन्याने आम्ही बुडणार होतो त्यानेच माप दिलं. अहवाल वाचताना मी काकांकडे पाहिलं तर ते मंद हसत होते. "वही ठेवली पाह्यजे, बाई," एवढंच म्हणाले. गाढव मीच होते.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्याआधी निकाल लागला. समोरच्या वकिलांनी शेवटचा जोर कामगारांवर लावला. एकशेचाळीस माणसं, माय लॉर्ड, विकास हवा की नको? मला सुखराम दिसला. तो त्या दिवशी कारखान्याच्या खर्चाने जबलपूरला आला होता आणि मागे उभा होता.

न्यायमूर्तींनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. विकास हवा, पण पुढच्या पिढीची विहीर उपसून नको. शाश्वत विकास म्हणजे कारखाना की विहीर असा सवाल नाही, दोन्ही टिकतील अशी वाट शोधायची. म्हणून कारखाना बंद नाही. फक्त ॲसिडचं खातं थांबेल, पक्की टाकी आणि पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा उभी राहून मंडळाची संमती मिळेपर्यंत. तोवर त्या खात्यातल्या कामगारांचा पगार चालू, कारण घाण त्यांनी ठरवून केलेली नाही. विहीर उपसणं, गाळ काढणं, खड्ड्याची माती खरडून सुरक्षित जागी नेणं, सगळं कारखान्याच्या खर्चाने. पाणी पिण्याजोगं होईपर्यंत विहिरीवरच्या सगळ्या घरांना टँकर. आणि लोकांचं नुकसान किती हे कलेक्टरने नेमलेला अधिकारी ठरवेल, भरेल कारखाना. समोरचे वकील म्हणाले, चुना तर अर्जदाराने राजीखुशीने टाकला, तो आमच्या माथी कशाला? न्यायमूर्ती म्हणाले, "जे तुम्ही करायला हवं होतं ते त्याने केलं. म्हणून."

सुखरामने बाहेर येऊन काकांच्या पायाला हात लावला. काका म्हणाले, "चल, आता तुले चुन्याचा डोस शिकवतो." थट्टा वाटली मला. पण यंत्रणा उभी राहिली तेव्हा त्यात मुख्य काम चुन्याचंच होतं, आणि मॅनेजर स्वतः स्कूटरवरून कुरुदला काकांना बोलवायला आले. काका पंधरा दिवस गेले, पेन्सिल कानाला लावून. सुखराम त्या यंत्रणेवरच लागला.

विहीर मात्र लगेच ऐकेना. माती वर्षानुवर्षं जे प्यायली ते एका पावसात ओकत नाही. उपसा, गाळ, पुन्हा उपसा, असं पावणेदोन वर्षं चाललं. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, कधी तेही नाही. काकूंच्या खेपा चालूच राहिल्या. नुकसान ठरवणारे अधिकारी आले तेव्हा त्यांनी विहीर लिहिली, भाजीचे वाफे लिहिले, डागाळलेले कपडेही लिहिले. "आणखी काही?" त्यांनी विचारलं. काकू घागर उतरवून डोक्यावरची चुंबळ काढत होत्या. "नाही," काका म्हणाले. मीही तिथेच होते. त्या खेपा लिहायच्या हे माझ्याही डोक्यात आलं नाही. आज लिहिताना कान गरम होतात.

दोन हजार सालच्या मार्चमध्ये प्रमाणपत्र आलं: पाणी पिण्यायोग्य. मॅनेजर कागद आणि पेढे घेऊन आले, काकांची सही हवी होती. काकांनी सही केली नाही. त्यांनी विहिरीतून बादली काढली आणि कठड्यावर तीन पेले मांडले. एक मॅनेजरपुढे, एक स्वतःपुढे, तिसऱ्यावर बशी झाकली.

"घ्या," ते म्हणाले.

मॅनेजर पेल्याकडे बघत राहिले. हातात प्रमाणपत्र होतं त्यांच्याच खर्चाचं. मग ते प्यायले, आणि काकाही प्यायले. "चांगलं आहे," मॅनेजर म्हणाले. "चांगलं आहे," काका म्हणाले. "दोघायचं एकमत झालं. पंचाची गरज नाही."

"आहे," काकू म्हणाल्या.

त्यांनी तिसरा पेला उचलून आत नेला. आम्ही अंगणात उभे. स्टोव्हचा आवाज, मग पत्तीचा वास. त्या बाहेर आल्या तेव्हा कपात चहा होता, चहाच्या रंगाचा. काकूंनी उभ्याउभ्याच तो शेवटपर्यंत प्यायला. कोणालाच दिला नाही. मग कप कठड्यावर ठेवला, खुंटीवरची चुंबळ काढली, पिशवीत घातली, आणि चप्पल घालून चालू लागल्या.

"कुठी चालली?" काकांनी विचारलं.

त्या सरळ कारखान्याच्या गेटवर गेल्या. मागून मी, मागून काका, त्यामागून पेढ्याचा डबा घेतलेले मॅनेजर. काकूंनी चुंबळ केवलरामच्या टेबलावर ठेवली. चार वर्षांत ती दाबून दाबून भाकरीएवढी चपटी झाली होती, काथ्या तुटला होता, लुगड्याचा रंग ओळखू येत नव्हता.

"भाऊ, ये लिखो," काकू म्हणाल्या. "चार वर्षं पाणी माह्या डोक्यावरून आलं आहे."

केवलरामने मॅनेजरकडे पाहिलं. मग त्याने रजिस्टर उघडलं, सावकाश लिहिलं: 'चुंबळ, १ नग, मथुराबाई कुरुद वाली से'. पावती फाडली. त्याच्याकडे शिक्का एकच होता. त्याने तो शाईत दाबला आणि मारला.

ती पावती काकूंनी काकांना दिली नाही. माझ्या हातात ठेवली. 'माल अच्छी हालत में प्राप्त'. माझ्या ऑफिसात पाण्याच्या पेल्याशेजारी ती अजून काचेखाली आहे.